इनामगावचे पाय नसलेले सांगाडे : दफनावरून परलोकाची कल्पना कितपत वाचता येते?

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. चाळीसगाव तालुक्यातलं बहाळ आणि त्याच्या समोर गिरणेच्या पलीकडच्या काठावरचं टेकवाडे ही नावं इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असतील. १९५६-५७ मध्ये म. न. देशपांडे यांच्या उत्खननात टेकवाड्याला ताम्रपाषाणयुगीन दफनं मिळाली. खानदेशातल्या या दफनांबद्दल वाचायला घेतलं की गाडी लगेच पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला जाते, कारण तिथे घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ असं दीर्घ उत्खनन केलं आणि दफनंही पुष्कळ मिळाली.

इनामगावबद्दल एक वाक्य सगळीकडे दिसतं : प्रौढ माणसाला घराच्या जमिनीखाली, डोकं उत्तरेला करून, घोट्याखालून पाय तोडून पुरत, मेलेल्याचं भूत होऊन ते निघून जाऊ नये म्हणून. माझा प्रश्न असा की या वाक्यातलं मातीत दिसलेलं किती आणि आपण जोडलेलं किती? "म्हणून" हा शब्द कुठल्या पुराव्यावर उभा आहे?

सातपुडा_पायथा
यात शंका घेण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. हे सिद्धच झालेलं आहे. इनामगाव खोदणाऱ्या खुद्द ढवळीकरांनी तसं मांडलं आहे. आणि आपल्याकडे आजही भुताचे पाय उलटे असतात असं म्हणतातच ना? म्हणजे भूत आणि पाय यांचं नातं तीन हजार वर्षांचं आहे. डोकं उत्तरेला हेही तसंच. जिवंत माणसाने उत्तरेला डोकं करून झोपू नये असं घरोघरी सांगतात, कारण ती मेलेल्याची दिशा. समजूत तीच, फक्त पुरण्याऐवजी जाळणं आलं.

आमळनेरी
बसवून पुरण्याची पद्धत तर आपल्याकडे आजही आहे. गोसावी, लिंगायत यांच्यात मांडी घालून समाधी देतात. मग जुन्या समाध्यांचा काळ कसा ठरवायचा, त्याबद्दल इथे कोणी सांगेल का? आमच्याकडे नदीकाठी दगडी चौथऱ्याच्या बऱ्याच आहेत.

हाडंमाती
आमळनेरी, तुमचा प्रश्न वेगळ्या धाग्याचा आहे, पण बसवून पुरण्याचा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

सातपुडा, ढवळीकरांनी ते मांडलं हे खरं. पण त्यांनी जे पाहिलं ते आणि त्यावरून जे सुचवलं ते, या दोन पायऱ्या आहेत. पहिली पायरी "पाय नाहीत" ही. "पाय तोडले" ही दुसरी आणि "भुताच्या भीतीने तोडले" ही तिसरी. पहिलीवरून दुसरीवर जायला हाडांचा अभ्यास पुरतो. दुसरीवरून तिसरीवर जायला हाडं काहीच मदत करत नाहीत.

आधी पहिली ते दुसरी. माणसाच्या एका पावलात २६ हाडं असतात. त्यातली बोटांची हाडं लहान, ती उंदराच्या बिळातून, मुळांनी किंवा खोदणाऱ्याच्या घाईने सहज हरवतात. म्हणून नुसती बोटं नसतील तर त्यावर काही बोलू नये. पण टाचेचं हाड आणि त्याच्यावर बसणारं घोट्याचं हाड ही दोन्ही घट्ट आणि जाड असतात. ज्या सांगाड्यात बरगड्या आणि मणके टिकले आहेत त्यात ही दोन हाडं, तीही दोन्ही पायांची, कुजून गेली असं होत नाही. तेव्हा दोन्ही टाचा गायब, नडग्या जागेवर आणि असं अनेक दफनांत पुन्हा पुन्हा, हे दिसलं तर योगायोग म्हणता येत नाही. इनामगावच्या बाजूने सगळ्यात भक्कम गोष्ट हीच आहे, ही पुनरावृत्ती.

त्यानंतर नडगीचं खालचं टोक पाहायचं. कुऱ्हाडीसारख्या हत्याराने घाव घातला तर हाडावर एक सपाट, तिरका, गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो आणि त्याचा रंग बाकी हाडासारखाच असतो, कारण तो तेव्हाच झाला. हाड सुकल्यावर मातीच्या दाबाने मोडलं तर कड खडबडीत आणि बहुधा आडवी. खोदताना फावडं लागलं तर तुटलेली जागा फिकट, ताजी दिसते. आणि माणूस जिवंत असताना पाय गेला असेल, अपघाताने किंवा शिक्षा म्हणून, आणि तो त्यानंतर जगला असेल, तर हाडाचं टोक भरून गोलसर झालेलं असतं.

पण अडचण इथे आहे. जोर्वे काळच्या, म्हणजे इनामगावच्या या ताम्रपाषाणयुगीन लोकांकडे गारगोटीच्या जातीच्या दगडाची धारदार पाती भरपूर होती. जनावरं सोलून, कापून हात बसलेला माणूस घोट्याच्या सांध्यातले बंध कापून पाऊल अख्खं वेगळं करू शकतो. मग हाड तुटतच नाही. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जे उंचवटे हाताला लागतात, त्यांच्यावर केसासारख्या बारीक रेघा राहतात, किंवा काम सफाईचं असेल तर त्याही नाहीत. म्हणून रेघ सापडली तर कापलं हे नक्की. सापडली नाही तर कापलं नाही, असं म्हणता येत नाही.

कंकर
ताईंनी हाडाकडून सांगितलं, मी मातीकडून दोन गोष्टी घालतो.

काळ्या मातीत आणि नदीकाठच्या चुनखडीच्या गाळात पुरलेल्या हाडावर चुन्याचा पापुद्रा चढतो. त्या बारीक रेघा नेमक्या त्याखाली लपतात. घाईघाईत आम्लाने पापुद्रा काढला तर हाडाचा वरचा थरही जातो आणि रेघही. तो भिंगाखाली, बांबूच्या टोकदार काडीने, हळूहळू उचकटावा लागतो. एका नडगीला दिवस जाऊ शकतो. जुन्या उत्खननांतली किती हाडं अशी साफ झाली असतील, याचा विचार करा.

दुसरी गोष्ट खड्ड्याची. घरात पुरलं म्हणजे त्याच जागी नंतर चूल झाली, बळद झालं, खांब रोवला, दुसरं दफन झालं. एखादा नंतरचा खड्डा बरोबर पायांवरून गेला असेल तर पाय त्याच्याबरोबर गेले. हे ओळखायचं कसं? पायांकडच्या बाजूला जमीन उभी कापून, ओली करून, मातीचा रंग आणि पोत बघायचा. दफनाच्या खड्ड्याची कड अखंड असेल आणि तिच्या आत नडग्या संपून पुढे मोकळी माती असेल, तर नंतरच्या खड्ड्याचा संशय मिटतो.

त्याच मोजमापातून आणखी एक गोष्ट निघते. उताणं पुरलेल्या माणसाची पावलं पुढे झुकतात आणि लांबीत वीतभर भर पडते. नडगीच्या टोकापासून खड्ड्याच्या कडेपर्यंत तेवढी जागा शिल्लक असेल, तर "खड्डा आखूड पडला म्हणून पाय काढले" ही शक्यता उडाली. जागा नसेल तर मात्र ती शक्यता शिल्लक आहे. हे अंतर प्रत्येक दफनाच्या नकाशावर असलंच पाहिजे. नसेल तर पुढची सगळी चर्चा हवेत.

सातपुडा_पायथा
ठीक आहे, मान्य. समजा खड्डा लांब आहे, कड अखंड आहे, हाडावर रेघही आहे. मग तरी भीती मानाल की नाही? दुसरं कारण काय असू शकतं?

हाडंमाती
तेवढं सगळं मिळालं तर "मुद्दाम कापले" हे मी लगेच लिहीन. "भीती" नाही लिहिणार. कारण पाऊल कापण्याची कारणं पुष्कळ असू शकतात. मेलेल्याला जाऊ द्यायचं नाही, कारण त्याची भीती आहे, किंवा बरोबर उलट, तो घरातच राहावा अशी माया आहे. घरातल्याच जमिनीखाली पुरणाऱ्या लोकांबद्दल बोलताना ही दुसरी शक्यता मला पहिलीपेक्षा कमी वाटत नाही. ज्याची धास्ती वाटते त्याला कोणी झोपायच्या जागेखाली ठेवेल का? किंवा पावलं वेगळी काढून दुसरीकडे ठेवायची, नदीत सोडायची प्रथा असेल. या सगळ्यांतून खड्ड्यात उरतं ते एकच, पावलं नसलेला सांगाडा.

यातल्या काहींची निवड पुढे करता येते, पण त्यासाठी सांगाड्याकडे बघून उपयोग नाही. कापलेली पावलं गेली कुठे, हे शोधावं लागतं. वस्तीतल्या कचऱ्याच्या खड्ड्यांतून जनावरांच्या हाडांची पोती निघतात. त्यात माणसाची टाच मिसळली असेल तर ती ओळखीच्या डोळ्याखालून जायला हवी. ती कचऱ्यात मिळाली तर एक अर्थ, वेगळ्या मडक्यात नीट ठेवलेली मिळाली तर दुसरा.

आता आमळनेरींचा बसलेला माणूस. इनामगावला वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचं मोठं घर मिळालं, त्याच्याजवळ धान्यकोठार. त्या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात एक प्रौढ पुरुष मांडी घालून बसवलेला होता. त्याचे पाय जागेवर होते. तो गावचा प्रमुख असावा असा तर्क केला जातो. घर मोठं, कोठार शेजारी, दफनाची तऱ्हा वेगळी, म्हणून तर्क वाजवी आहे. पण भुताच्या भीतीचा अर्थ इथे अडखळतो. जो माणूस जिवंतपणी सगळ्यांत वजनदार, त्याचंच भूत सगळ्यांत भारी असायला हवं. मग त्याचेच पाय का सोडले?

सातपुडा_पायथा
तो रांजणात बंद होता ना! बंद केल्यावर पाय तोडायची गरजच काय?

हाडंमाती
हा चांगला मुद्दा आहे आणि मी तो खोडू शकत नाही. पण बघा, पाय कापले तर भीती आणि नाही कापले तरी भीती, असं झालं. जे स्पष्टीकरण दोन्ही उलट गोष्टींना लागू पडतं ते मातीच्या पुराव्याने खरंही ठरत नाही आणि खोटंही.

उत्तर दिशेबद्दल थोडक्यात : सगळी डोकी उत्तरेला असतील तर नियम होता हे नक्की. पण घरात पुरलेलं दफन भिंतीच्या रेषेतही बसवलं जाऊ शकतं. म्हणून प्रत्येक दफनाची दिशा आणि त्या घराच्या भिंतीची दिशा अंशांत मांडून बघायची. भिंत तिरकी असूनही दफन उत्तरेलाच असेल, तर दिशा मुद्दाम धरली. भिंतीबरोबर तेही तिरकं झालं असेल, तर नाही. दिशा मुद्दाम धरली असं ठरलं, तरी उत्तरेला त्यांच्या मते काय होतं ते मात्र कळत नाही.

तापीतीर
सातपुडा, आजच्या समजुतींवरून मागे जायचं तर मग नीट जाऊन बघू. प्रकाशे घ्या. तापी-गोमाईचा संगम, दक्षिण काशी म्हणून लोक दुरून अस्थी घेऊन येतात. तिथेच १९५५ मध्ये थापर यांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाणयुगापासूनची वस्ती मिळाली. आज तिथे होणाऱ्या दहाव्याचं तीन हजार वर्षांनी काय सापडेल?

राख आणि अस्थी पाण्यात गेल्या. पिंड शिजलेल्या भाताचा, तो कावळ्याने नेला आणि उरलेला पाण्यात. भाताला तूस नसतं, त्यामुळे मातीत तुसाचाही अंश राहत नाही. दर्भ कुजला. स्मशानात खांद्यावरून पाणी सांडत फिरवलेलं मडकं फुटलं, त्याच्या खापऱ्या राहिल्या, पण त्या घाटावरच्या इतर शेकडो खापऱ्यांत मिसळल्या. जीवखडा कुठलाही साधा दगड.

म्हणजे मेल्यानंतर जीव कुठे जातो, त्याला भूक लागते का, तो पितर कधी होतो, याबद्दल इतका तपशीलवार विचार असलेल्या लोकांचं मातीत जवळपास काहीच उरत नाही. आणि त्याच घरात दात न आलेलं मूल गेलं तर ते पुरतात. उद्याच्या उत्खननकर्त्याला फक्त तेवढंच मिळेल. तो लिहील, "हे लोक बालकांना पुरत, प्रौढांचा परलोक ते मानत नसावेत." किती चुकेल तो! दफन नाही म्हणजे श्रद्धा नाही, हे समीकरण आधी डोक्यातून काढायला हवं.

हाडंमाती
तापीतीर, अगदी नेमकं. याचा आकड्यांतही पडताळा घेता येतो. जोर्वे वस्त्यांत मिळालेल्या दफनांत बालकांचं प्रमाण फार मोठं आहे. नेवाशालाही बहुतेक दफनं बालकांचीच. एक काल्पनिक हिशोब घ्या. १०० दफनांत ८० मुलं आणि २० प्रौढ मिळाले. समजा त्या काळी मरणाऱ्या दर १०० माणसांत ४५ मुलं असायची. हे प्रमाण फक्त हिशोबापुरतं धरलं आहे. तर ८० मुलांमागे साधारण ९८ प्रौढ मरायला हवेत. मिळाले २०. उरलेले ७८ कुठे आहेत? जाळले, नदीत सोडले, वस्तीच्या पांढरीबाहेर नेले, किंवा आपण खोदलं नाही त्या भागात आहेत. त्यामुळे "इनामगावचे लोक प्रौढांना असं पुरत" याऐवजी "ज्या थोड्या प्रौढांना घरात पुरलं त्यांना असं पुरलं" इतकंच म्हणावं. कदाचित पाय कापणं हीच त्या थोड्यांची खूण असेल. मग प्रश्न बदलतो. पाय का कापले याच्या आधी, यांनाच घरात का ठेवलं, हे विचारावं लागतं.

गिरणाकाठ
हा मुद्दा टेकवाड्यालाही लागतो. बहाळची वस्ती या काठाला आणि दफनं नदीपलीकडे. म्हणजे उरलेल्या प्रौढांसाठी नदीपलीकडची जागा, असं म्हणता येईल का?

हाडंमाती
शक्यता म्हणून नोंदवता येईल, त्याहून पुढे नको. टेकवाड्याची दफनं मोजकीच आहेत. आणि बहाळच्या वस्तीतला जेवढा भाग खोदला त्यात घराखाली दफन नाही म्हणून न खोदलेल्या भागातही नसेल, हे कशावरून? मधली नदी आपल्याला फार बोलकी वाटते. पण तीन हजार वर्षांपूर्वी गिरणेचं पात्र नेमकं तिथेच होतं का, हे आधी तपासायला लागेल.

पारोळेकर
भो, एक विचारायचं होतं. आमच्याकडे बोरी नदीच्या अंगाला पाइपलाइनची चारी खोदताना वावरात दोन गोल मडकी निघाली, आडवी, एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून. एक फुटलं. आत माती आणि काडीसारखी बारीक हाडं. मडकी गर्भाशयासारखी असतात आणि मूल पुन्हा जन्माला यावं म्हणून तसं पुरत, असं कुठे तरी वाचलं. खरं आहे का? आणि शेजारी तोटीचं एक भांडं होतं, ते धुऊन घरी ठेवलंय. त्यात काय ठेवलं होतं ते कळू शकतं का?

कंकर
आधी काम थांबवा. उघडं पडलेलं मडकं उपसू नका, आतली माती काढू नका. फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण ठेवून. चारीच्या भिंतीत मडकं वरून किती खोल आहे ते मोजा. मग त्यावर सुती कापड पसरून भुसभुशीत माती टाका, म्हणजे उन्हाने हाडं तडकणार नाहीत. लेखी कळवणं तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयात. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे आणि जमिनीत सापडलेली १० रुपयांवर किमतीची वस्तू कळवावी लागते. राज्य पुरातत्त्व खात्याला आणि डेक्कन कॉलेजलाही कळवा. गट नंबर मात्र इथे जाहीर टाकू नका, रात्रीत लोक खणून जातात.

जाणकार माणसं खोदायला येतात तेव्हा अशी मडकी बाहेरून पट्ट्या गुंडाळून, खाली फळी सरकवून, अख्खी उचलतात आणि खोलीत नेऊन आतून थराथराने रिकामी करतात. माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून जाते. कारण त्या वयाच्या मुलाच्या हिरडीतले दातांचे अंकुर डाळीएवढे असतात आणि वय सगळ्यात खात्रीने त्यांच्यावरूनच कळतं.

हाडंमाती
पारोळेकर, तुमचं वर्णन जोर्वे पद्धतीच्या बालदफनाशी जुळतं, पण मडक्याचा काठ आणि पोत बघितल्याशिवाय काळ सांगू नये. तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी ही पद्धत खरी आहे, ठिकठिकाणी दिसते. गर्भाशय आणि पुनर्जन्म हा अर्थ आपला. मडकं गोल आहे म्हणून ते पोट, हे आपल्याला पटतं. पण घरात तान्ह्याला मावेल असं सहज हाताशी असलेलं भांडं तेच होतं, हेही तितकंच पटण्यासारखं आहे. तपासायचंच तर बघायचं असं की ही मडकी फक्त दफनासाठी वेगळी घडवलेली आहेत की स्वयंपाकातलीच. बुडाला काजळी असेल, आत झिजलेलं असेल, तर ती चुलीवरची. मूल आत कसं होतं, गुडघे पोटाशी घेतलेलं की सरळ, हेही. आणि एवढ्या लहान हाडांवरून मुलगा की मुलगी हे नुसतं बघून ठरत नाही, कोणी सांगितलं तरी मानू नका.

तोटीच्या भांड्याबद्दल. मातीचं भांडं तेल-तूप शोषून घेतं आणि तो अंश हजारो वर्षं भिंतीत टिकू शकतो, म्हणून तपासणी होऊ शकते. धुतल्याने पृष्ठभागावरचं गेलं, पण आतलं काही राहिलं असेल. आता पुन्हा धुऊ नका, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, तेलकट हाताने धरू नका, कारण हे सगळं तपासणीत मिसळतं. चारीतली थोडी माती, भांड्यापासून दूरची, कोऱ्या काचेच्या बाटलीत घ्या. भांड्यात आणि त्या मातीत एकच अंश निघाला तर तो भांड्याचा नाही, जमिनीचा.

आणि समजा दुधाची चरबी निघालीच, तरी थांबून विचार करायचा. भांडं आधी वर्षभर घरात दुधाला वापरलेलं असेल तर तो अंश त्या वापराचा. पुरताना त्यात दूध होतं, पाणी होतं की काहीच नव्हतं, हे त्या तपासणीतून वेगळं काढता येत नाही. मेलेल्याला पुढच्या प्रवासाची शिदोरी हा अर्थ तर त्याच्याही पलीकडचा. ते भांडं त्या मुलाचं रोजचं असेल आणि आता ते कोणी वापरायचं नाही, एवढ्याच भावनेने बरोबर ठेवलं असेल. त्यात परलोक नाही, पण दुःख आहे.

सातपुडा_पायथा
ताई, मग असं म्हणायचं का की दफनावरून श्रद्धेबद्दल काहीच कळत नाही? मला ते पटत नाही. इतक्या पिढ्या तेच करत राहिले म्हणजे डोक्यात काहीतरी पक्कं होतं.

हाडंमाती
पक्कं होतं, हे मलाही मान्य आहे. वयानुसार वेगळी वागणूक होती, मृताला घरापासून तोडायचं नाही असं निदान काहींच्या बाबतीत होतं, पावलांना काही विशेष अर्थ होता, आणि हे नियम एका घरापुरते नव्हते. हे मी ठामपणे लिहीन. कुणी तरी पुरणाऱ्याला सांगितलं असणार की असंच करायचं. पण ते सांगताना "कारण" म्हणून काय सांगितलं, आणि दोन पिढ्यांनी तेच कारण सांगितलं की बदललं, हे मातीत येत नाही. आजही दहाव्याला बसलेल्या चौघांना विचारलं तर कोणी स्वर्ग म्हणेल, कोणी पुनर्जन्म, कोणी पितर, आणि कोणी फक्त "रीत आहे" म्हणेल. कृती चौघांची एकच.

तापीतीर
इथे मात्र माझं थोडं वेगळं मत आहे. कारणं चार असली तरी मेल्यावर काहीतरी उरतं, हे चौघंही धरून चालतात. इनामगावला तेवढं तरी म्हणायला हरकत नसावी.

हाडंमाती
पाय कापणं मुद्दाम होतं हे दफनागणिक सिद्ध झालं, तर मी त्या बाजूला झुकेन. बालकांच्या मडक्यांवरून नाही.

पारोळेकर
आज तहसीलला अर्ज दिला, पोच घेतली. चारी दुसऱ्या बांधाने वळवतोय. बुडाला काजळी आहे का बघितलं, फुटलेल्या मडक्याच्या एका खापरीवर काळं आहे, पण ते बाहेरून की भाजतानाचं ते मला कळत नाही. काठाचा फोटो टाकू का?

कंकर
काठाचा आणि त्या काळ्या खापरीच्या तुटलेल्या कडेचा, दोन्ही टाका. काळं फक्त बाहेरच्या पापुद्र्यावर असेल तर बहुधा चुलीची काजळी, कडेत आतपर्यंत उतरलं असेल तर भट्टीतलं. बोटाने घासून मात्र बघू नका.